आईच्या साखरेच्या नोंदवहीतील एककांविषयी टिपण

हे टिपण आईच्या नोंदवहीच्या पहिल्या पानावर लावून ठेवावे, म्हणजे लेस्टरची ताई, इंदूरला आईजवळ असणारी वहिनी आणि वही तपासणारे डॉक्टर यांपैकी कोणालाही समोरचा आकडा कोणत्या एककातला आहे हे विचारावे लागणार नाही. आई एप्रिल ते जुलै ताईकडे होती आणि तिथला मीटर साखर मिलिमोल प्रति लीटरमध्ये दाखवतो. स्नेहलतागंजच्या घरातला मीटर मात्र मिलिग्रॅम प्रति डेसिलीटरमध्ये दाखवतो आणि इथले डॉक्टरही त्याच आकड्यांवरून औषध ठरवतात. त्यामुळे एकाच यादीत ६.४ च्या खाली १३२ आले आहेत, आणि न सांगता वाचणाऱ्याला साखर एकदम वीसपट झाल्यासारखे वाटेल.

ग्लुकोजच्या एका मोलचे वजन १८०.१६ ग्रॅम असते, म्हणून एक मिलिमोल म्हणजे १८०.१६ मिलिग्रॅम. हे प्रमाण एका लीटरचे आहे आणि डेसिलीटर हा लीटरचा दहावा भाग आहे, म्हणून मिलिमोलच्या आकड्याला १८.०१६ ने गुणावे आणि उलट जाताना तेवढ्यानेच भागावे. तोंडी हिशेबाला १८ पुरतात. यादीत मात्र सगळीकडे १८.०१६ हाच गुणक ठेवावा, कारण काठावरच्या आकड्यांत फरक दिसतो: ११८ ला १८ ने भागले तर ६.६ येतात, १८.०१६ ने भागले तर ६.५. उपचाराच्या दृष्टीने हा फरक नगण्य आहे, पण दोघांच्या याद्या जुळेनाशा झाल्या की घरात उगाच शंका सुरू होतात.

संगणकावरील यादीत C स्तंभात मीटरवर दिसलेला आकडा, D मध्ये एकक, E मध्ये मिलिग्रॅम आणि F मध्ये मिलिमोल आहेत. E2 आणि F2 मधील सूत्रे अनुक्रमे अशी आहेत:

```
=IF(D2="mmol/L",IF(ISNUMBER(C2),ROUND(C2*18.016,0),C2),IF(D2="mg/dL",C2,"?"))
=IF(D2="mg/dL",IF(ISNUMBER(C2),ROUND(C2/18.016,1),C2),IF(D2="mmol/L",C2,"?"))
```

| तारीख | वेळ | मीटरचा आकडा | एकक | मिलिग्रॅम | मिलिमोल |
|---|---|---|---|---|---|
| ३ जुलै | उपाशीपोटी | ६.४ | mmol/L | ११५ | ६.४ |
| ३ जुलै | जेवणानंतर | ९.७ | mmol/L | १७५ | ९.७ |
| ८ जुलै | पहाटे | ३.६ | mmol/L | ६५ | ३.६ |
| १२ जुलै | जेवणानंतर | HI | mmol/L | HI | HI |
| ३० जुलै | उपाशीपोटी | १३२ | mg/dL | १३२ | ७.३ |

C स्तंभातला आकडा कोणीही, कोणत्याही कारणाने बदलू नये. १४० चे ७.८ होतात, पण ७.८ परत फिरवले तर १४१ येतात. रूपांतरावर पुन्हा रूपांतर केले की मूळ आकडा हरवतो. HI किंवा LO हा आकडा नसून मीटरच्या मोजमापाची हद्द ओलांडल्याची खूण आहे, म्हणून तिच्या जागी अंदाजाने संख्या भरू नये.

सर्वांत जपायचे ते कमी साखरेच्या नोंदींना. इथे ७० च्या खालची साखर कमी धरतात, तर ताईला तिथे ४ च्या खाली नको असे सांगितलेले आहे, आणि ४ म्हणजे ७२. परिणामी ३.९ ही नोंद तिथे कमी ठरते, पण रूपांतर करून आलेले ७० इथल्या नियमात अगदी काठावर बसतात आणि नजरेतून निसटतात. आईचे वय आणि तिचे इन्सुलिन पाहता अशा नोंदीलाही लाल खूण करावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

एकक न लिहिलेल्या ओळीत सूत्र प्रश्नचिन्ह दाखवते आणि ते तसेच राहू द्यावे. दशांश चिन्ह असेल तर मिलिमोल आणि शंभरच्या वर असेल तर मिलिग्रॅम हे उघड आहे. परंतु १९ जूनच्या ओळीत नुसते २२ लिहिलेले आहेत. ते मिलिमोल असतील तर साखर ३९६ होती, मिलिग्रॅम असतील तर ती जिवावर बेतण्याइतकी कमी होती, आणि या दोहोंवरचे उपाय अगदी उलट आहेत. आई तेव्हा लेस्टरला असल्याने पहिली शक्यता दाट आहे, तरीही ताईने मीटरच्या स्मृतीत त्या तारखेची नोंद पाहून मगच D स्तंभ भरावा.

तिकडच्या अहवालातील एचबीएवनसी ५३ हा आकडा या यादीत घेऊ नये. त्याचे एकक मिलिमोल प्रति मोल असे वेगळे आहे, त्याला १८.०१६ चा गुणक लागू होत नाही, आणि इथल्या भाषेत तो ७ टक्के होतो. डॉक्टरांना तो अहवाल स्वतंत्रपणे दाखवावा.