फॉल

आतेच्या दुकानाची पाटी मीच रंगवली. गणपतीला मुंबईहून चाकरमानी येतात, त्यांच्या बायका-सुनांना नव्या साड्यांना फॉल लागतोच, म्हणून आते म्हणाली, "इंग्रजीत लिव रे झिला, मोठ्ठ्या अक्षरात." पत्र्यावर निळ्या रंगात वर लिहिलं फॉल, खाली पिको, आणि घराकडे बाण. मालवण-आचरे रस्त्यावर आमच्या पाणंदीच्या तोंडाशी फणसाला पाटी टांगली. आठवड्याभराच्या पावसात फणसाची एक फांदी खाली वाकली आणि तिच्याआड पिको गेला. राहिला तो फॉल आणि बाण.

दिवस जुलैचे. तारकर्लीचं बोटिंग पावसाळ्यात बंद असतं, त्यामुळे आलेली माणसं धबधबेच शोधत फिरतात. रविवारी सकाळी नऊलाच पहिली गाडी पाणंदीत शिरली. पुण्याची. चार बायका, तीन पुरुष, मागे पोरं. एकाने खिडकीतूनच विचारलं, "मावशी, फॉल इथेच ना?"

"हयच. येवा, बसा."

"पाणी आहे का सध्या?"

आते मशीनवरून उठली. कामाचं कोणी विचारलं की ती मनापासून सांगते. "पाणी नाय तर कसा? राती बालदीत घालून ठेवलंय. बिनपाण्याचो फॉल कधी लावूचो नाय. मागसून आकसता, मगे साडयेक चुण्ये पडतत."

गाडीतली माणसं एकमेकांकडे बघू लागली. साडीवाल्या बाईंना वाटलं, साडी नेसून जाऊ नका असं मावशी सुचवतायत. त्यांनी लगेच पिशवीतून ट्रॅक पँट काढली.

"खोल किती आहे? पोरं बरोबर आहेत."

"खोल?" आतेने टेपच काढला. "रुंदीक पाच इंच. लांब म्हणशाल तर अडीच मीटर."

"एवढासाच?"

"सगळ्यांचो तेवढोच आसता, बाबा. रंग मात्र व्हयो तो गावतलो."

हे ऐकून मागच्या सीटवरची मुलगी टाळ्या पिटायला लागली. रंगीत धबधबा!

तोवर दुसरी गाडी आली, मग कोल्हापूरची दोन, मग मोटारसायकलवाले. पाणंद इतकी अरुंद की एकदा शिरलेली गाडी आमच्या खळ्यात आल्याशिवाय वळत नाही. शेजारच्या काकांनी माडाच्या झापांची थप्पी हलवून गाड्यांना जागा केली. आमच्याकडे आडबाजूच्या घरासमोर एवढ्या गाड्या दोनच वेळी लागतात, लग्नात नाहीतर मयताला, आणि जुलैत लग्न नसतं. वरच्या वाडीतली आतेची नणंद लांबूनच हंबरडा फोडत आली. "गो माझ्या वयनी, अशी कशी गेलंस गो!" आणि दारात वयनीच टेप घेऊन उभी. नणंदेने तिला आधी चाचपलं, मग मिठी मारली, मग इतकं घाबरवल्याबद्दल बडबड बडबड बडबडली. तिच्यामागून आलेल्या चौघी डोळे पुसत ओटीवर बसल्या आणि आतेने सगळ्यांसाठी चहा टाकला.

मी आचऱ्याहून बाजार करून पोचलो तेव्हा पुण्याचे गृहस्थ शंभराची नोट पुढे करत होते. आतेने फॉल-पिकोचा दर सांगितला होता, त्यांना ते तिकीट वाटलं होतं. "तासाभरात होतला" हे ऐकून ते तासाभराच्या चढणीची तयारी करून, बूट आवळून उभे होते.

मी बालदी पुढे ओढली. आत जांभळ्या, मोरपंखी, राणी रंगाच्या पट्ट्या पाण्यात निवांत पडलेल्या. सगळे वाकून बघत राहिले. आधी ट्रॅक पँटवाल्या बाई हसल्या, मग सगळं खळं हसलं. आते तेवढी हसली नाही. तिला वाईट वाटलं, माणसं एवढ्या लांबून आली.

मी त्यांना कणकवलीजवळच्या सावडावचा रस्ता सांगत होतो, तेवढ्यात सर आली. कौलांची पन्हळ धो-धो वाहू लागली आणि पोरं कुणाची वाट न बघता तिच्याखाली शिरली. मग मोठीही शिरली. कोल्हापूरच्या एका आजोबांनी डोक्यावर रुमाल बांधून तब्बल अर्धा तास पन्हळ घेतली. बायकांनी तोवर सामानातल्या साड्या काढल्या. संध्याकाळपर्यंत आतेने अकरा फॉल लावले, नणंद काजं-बटणं करायला बसली, आणि गाड्या निघताना प्रत्येकीत एकेक सोलांचा पुडा गेला.

रात्री मी पाटी उतरवायला निघालो. आते म्हणाली, "उतरव नको. वरसून मराठीत लिव, साडयेचो. म्हंजे कोणाक फसूक होवचा नाय."

मी बॅटरीच्या उजेडात ठळक लिहिलं : साडीचा फॉल.

सोमवारी सकाळी साडेआठला सांगलीची गाडी खळ्यात उभी. काच खाली झाली. "काकू, तो साडीसारखा पडणारा धबधबा इथेच ना?"