डिपॉझिट कापलं जाण्याआधी ही दोन पानं फुकट घेऊन जा 🔑

नऊ वर्षांत पुण्यात सात घरं बदलली मी. चौथ्या घराच्या डिपॉझिटमधून ओनर काकांनी ९,००० रुपये कापले, कारण काय तर हॉलच्या भिंतीत खिळ्याची भोकं. आता ती भोकं माझ्या आधीपासून होती हे मला पक्कं माहितीये, कारण त्यातल्याच एका खिळ्याला मी पहिल्या दिवशी पिशवी अडकवली होती, पण फोटो काढला होता का? नाही. मग काय बोलणार, गप्प बसले.

त्यानंतर मी एक यादी करायला घेतली. घर बघायला गेलं की काय बघायचं, ब्रोकरला काय विचारायचं, सही करायच्या आधी ॲग्रीमेंटमधल्या कुठल्या ओळी दोनदा वाचायच्या. आधी फोनच्या नोट्समध्ये होती, मग मैत्रिणी मागायला लागल्या, मग मैत्रिणींचे भाऊ, म्हणून आता नीट दोन पानांची पीडीएफ केलीये. ३४ मुद्दे आहेत. मराठीत. फुकट.

थोडी झलक देते. घर सकाळी साडेसातला बघा, संध्याकाळी नको, कारण पाण्याचा खरा फोर्स तेव्हाच कळतो, आणि टँकर येतो का हे ब्रोकरला न विचारता वॉचमनला विचारा, तो खरं सांगतो (बहुतेक वेळा). महावितरणचं शेवटचं बिल मागा आणि त्यावरचा १२ आकडी ग्राहक क्रमांक लिहून घ्या, आधीची थकबाकी लाइट कापायला माणूस आल्यावर कळण्यापेक्षा आधी कळलेली बरी. आणि 'नोटरी करून टाकू, काय फरक पडतो' असं कोणी म्हणालं तर थांबा. फरक पडतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५, करार लेखी पाहिजे आणि रजिस्टर पाहिजे, आणि रजिस्टर करायची जबाबदारी ओनरची आहे, तुमची नाही. खर्चाचं म्हणाल तर १८,००० भाडं, ५०,००० परत मिळणारं डिपॉझिट आणि ११ महिने धरले तर ०.२५ टक्क्याने स्टॅम्प ड्युटी साधारण पाचशे रुपये होते, वर शहरात रजिस्ट्रेशनचे १,०००. एजंटची फी वेगळी. एजंटने 'सरकारी खर्च' म्हणून पाच हजार सांगितले तर हा हिशोब त्याच्यासमोर मांडा, चेहरा बघण्यासारखा होतो.

बरं, ही चेकलिस्ट मिळते ती माझ्या 'चावी' या न्यूजलेटरला साइनअप केलं की. उगाच लपवत नाही, मला तुमचा ईमेल हवाय म्हणूनच देतेय 😄 पण त्या बदल्यात नक्की काय येणार ते ऐका.

महिन्यातून दोनच मेल. पहिला आणि तिसरा शनिवार, सकाळी आठला, चहा पिता पिता सहा-सात मिनिटांत वाचून होईल एवढाच. प्रत्येक मेलमध्ये भाड्याच्या घराचा एकच विषय धरते, म्हणजे लॉक-इन पिरियड, सोडताना किती नोटीस द्यायची, पेंटिंगचे पैसे कोणी भरायचे, सोसायटीचे नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस तुमच्या गळ्यात मारले तर काय बोलायचं असलं सगळं, आणि खाली एक तयार मेसेज असतो जो ओनरला व्हॉट्सॲपवर कॉपी-पेस्ट करता येतो, नम्र पण ठाम. हा मेसेजवाला भाग लोकांना सगळ्यात जास्त आवडतो, मला स्वतःला लॉक-इनवालं लिहायला जास्त मजा येते पण असो. पाचवा शनिवार आला तर काही नाही, मीही झोपते. मे-जूनमध्ये घरं बदलायची झुंबड असते तेव्हा एखादा जादा मेल येईल, तोही आधी सांगून.

फ्लॅटच्या जाहिराती येणार नाहीत. मी ब्रोकर नाही. फोन नंबर मागत नाही, फक्त नाव आणि ईमेल, आणि तो कोणाला देत नाही. कंटाळा आला तर प्रत्येक मेलच्या तळाशी अनसबस्क्राइब आहे, एक क्लिक, मी रुसणार नाही.

लिंक बायोमध्ये आहे. ईमेल टाकला की एक कन्फर्मेशन मेल येतो, त्यातलं बटण दाबलं की लगेच पीडीएफ. जीमेलवाल्यांनो, तो बऱ्याचदा प्रमोशन्समध्ये जाऊन बसतो, तिथे शोधा, नाहीतर स्पॅममध्ये. पुढचा मेल या शनिवारी, विषय तोच, खिळ्याची भोकं: राहायला जायच्या दिवशी कुठले फोटो काढायचे आणि ते ओनरला कसे पाठवून ठेवायचे.

#भाड्याचंघर #पुणे #चावी