जागलीवरून आलेला फोन : पहिले बोलणे

नमस्कार भाऊ. तुमचा फोन लागला आहे आणि मी ऐकते आहे. लगेच बोलायला जमत नसेल तर घाई करू नका, मी फोन ठेवणार नाही.

तुमचा श्वास मला ऐकू येतो आहे. रडू येत असेल तर येऊ द्या. ते आवरून मगच बोलले पाहिजे असे इथे काही नाही.

मी या हेल्पलाईनची स्वयंसेविका आहे, मला ताई म्हटले तरी चालेल. मी डॉक्टर नाही, पोलिसांची नाही आणि बँकेचीही नाही. अशा वेळी माणसाचे बोलणे नीट ऐकून घ्यायचे आणि त्याला सुरक्षित ठेवायला मदत करायची, याचे प्रशिक्षण घेऊन मी रात्रपाळीला बसते, आणि आत्ता माझ्यासमोर दुसरे कोणतेही काम नाही. तुम्ही जे सांगाल ते गावात, सोसायटीत किंवा तुमच्या सोयऱ्यांमध्ये माझ्याकडून जाणार नाही. फक्त एक गोष्ट आधीच स्पष्ट सांगते, म्हणजे नंतर तुम्हाला फसवल्यासारखे वाटणार नाही : तुमच्या जिवाला धोका आहे असे मला वाटले, तर मला मदत बोलवावी लागेल, आणि ती बोलवताना मी ते तुम्हाला सांगेन.

तुम्ही आत्ता म्हणालात, "ताई, मले काई सुचून नाई रायलं." सुचत नसताना हा नंबर लावणे सोपे नसते, भाऊ. तुम्ही तो लावलात, हे फार बरे केलेत.

आता मला दोनतीन साधे प्रश्न विचारू द्या, एका शब्दात उत्तर दिले तरी पुरे. तुम्ही घरी आहात की बाहेर?

वावरात, जागलीला. एकटेच आहात. बरे. मोबाईलमध्ये चार्जिंग किती उरली आहे? वीस टक्के, तेवढ्यात आपले बोलणे होईल. मोबाईलचा उजेड बंद ठेवा, हातातला टॉर्च असेल तर तो वापरा. मध्येच रेंज गेली तर तुम्हाला पुन्हा फोन लावायची गरज नाही, याच नंबरवर मीच परत लावीन.

आता एक प्रश्न सरळ विचारते. विचारल्याने तुमच्या डोक्यात नवे काही शिरणार नाही, आणि उत्तर काहीही असले तरी मी तुम्हाला रागावणार नाही. भाऊ, जीव द्यायचा विचार तुमच्या मनात येतो आहे का?

हो म्हणालात. हे तोंडाने सांगायला किती जड गेले असेल ते मला तुमच्या आवाजातून कळते आहे, आणि तुम्ही ते माझ्यापासून लपवले नाही याबद्दल मी तुमची आभारी आहे. दुसरा प्रश्न याहून महत्त्वाचा आहे : आत्तापर्यंत तुम्ही पोटात काही घेतले आहे का, औषध किंवा दारू? घेतले असेल तर बाकी सगळे बोलणे बाजूला ठेवून मी याच क्षणी 108 ची गाडी बोलावते, म्हणून खरे सांगा.

काहीच घेतलेले नाही. पुन्हा एकदा विचारते, अगदी थोडेसेही नाही ना? ठीक आहे. फवारणीचे औषध खोपडीत आहे असे तुम्ही म्हणालात. ते हलवायला, फेकायला किंवा बघायला आत जाऊ नका. औषध जिथे आहे तिथेच राहू द्या आणि तुम्ही तिथून बाजूला व्हा. उठा, घोंगडी खांद्यावर घ्या आणि बाहेर मोकळ्यात या. चालताना माझ्याशी बोलत राहा.

आलात? आता आजूबाजूला नजर टाका आणि मला सांगा, जवळच्या कोणत्या वावरात आज कुणी जागलीला आहे का, कुणाची शेकोटी दिसते का?

दोन धुऱ्यांपलीकडे काकांची शेकोटी दिसते आहे. ते तुमच्या वडिलांच्या वयाचे आहेत आणि लहानपणापासून तुम्हाला ओळखतात, मग आपण त्यांच्याकडेच जाऊ. पऱ्हाटीतून आडवे जाऊ नका, अंधारात पायाखाली काही आले तर कळणार नाही. धुऱ्याने, टॉर्च लावून, सावकाश चला. विहिरीच्या बाजूची वाट सोडा, लांबची धरा. पाच मिनिटे जास्त लागली तरी चालतील.

"काकांना काय सांगू, लोक काय म्हणतील," हे तुमच्या मनात आहे, ते मी ऐकले. त्यांना कर्जाचा आकडा सांगायची गरज नाही, सावकाराचे नावही नाही. पोलिसांची भीती वाटत असेल तर तीही मनातून काढा : 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम 115 प्रमाणे, जीव द्यायचा प्रयत्न केलेल्या माणसावरही मोठा ताण होता असेच मुळात धरले जाते आणि त्याला शिक्षा करायची नसते. तुम्ही तर फक्त बोलला आहात. मदत मागणे हा गुन्हा नाही.

सावकाराच्या कागदाचे तुम्ही दोनदा बोललात, म्हणजे सगळ्यात जास्त तेच सलते आहे. सोयाबीनला भाव मिळाला नाही, कपाशीत बोंडअळी शिरली, आणि त्यात मुलीचे लग्न ठरलेले. या तिन्ही गोष्टी एकाच हंगामात अंगावर आल्यावर कोणत्याही कास्तकाराची झोप उडेल. कर्ज मिटेल असे वचन मी तुम्हाला देणार नाही, कारण ते माझ्या हातात नाही आणि खोटा धीर तुम्हाला लगेच ओळखू येईल. पण विनापरवाना सावकारीविरुद्ध महाराष्ट्रात 2014 चा कायदा आहे, जिल्हा उपनिबंधकांकडे तक्रार करता येते, आणि अशा सावकाराने जमीन बळकावल्याचे सिद्ध झाले तर ती परत मिळण्याची तरतूदही त्यात आहे. तो कागद उद्या उजेडात, कुणाला तरी सोबत घेऊन बघू. रात्री पावणेबारा वाजता, उपाशी पोटी, एकट्याने तो सोडवायला बसू नका.

आज जेवलात का? नाही ना. काकांच्या शिदोरीत भाकर असेल तर मागून घ्या.

आणखी एक नंबर सांगते, आत्ता लिहून घेऊ नका, मी तो मेसेजने पाठवते. 14416, हा टेली मानसचा सरकारी नंबर आहे; तो दिवसरात्र चालतो, त्याला पैसे लागत नाहीत, आणि तिथे मराठीत बोलता येते. पुढे गरज पडली तर तिथले प्रशिक्षित समुपदेशक तुम्हाला डॉक्टरांपर्यंत पोहोचवू शकतात. तुमची हरकत नसेल तर उद्या सकाळी नऊ वाजता मी स्वतः तुम्हाला फोन करते. चालेल ना?

आता शेकोटी किती लांब आहे? काकांचा कुत्रा भुंकतो आहे, तो मलाही ऐकू येतो आहे. त्यांना लांबूनच हाक द्या, म्हणजे ते दचकणार नाहीत. फोन कानालाच राहू द्या. मी लाईनवर आहे.

जवळ गेलात की सगळे सांगायचे दडपण घेऊ नका, एवढेच म्हणा : "काका, आज मले एकटं राहू देऊ नका, माह्याजवळ बसा." खोपडीतले औषध सकाळी तुम्ही नाही, काकांनी जाऊन काढायचे, हे मी त्यांना सांगते. ते तुमच्याशेजारी बसले की फोन त्यांच्या हातात द्या.