क्षारपड जमिनी: मंगळवारच्या लेक्चरच्या नोट्स

भावा, तू तापात पडलास आणि नेमकं त्याच दिवशी सरांनी अख्खा तास क्षारपडवर घेतला. रेकॉर्डिंगचं टाइप केलेलं सगळं वाचून काढलं, बरंचसं तेच तेच आहे म्हणून कामाचं तेवढं लावून देतोय. सरांचा क्रम बदललाय कारण ते मधेच उपायांवर गेले आणि परत कारणांवर आले. जिथं माझं स्वतःचं आहे तिथं "माझं" असं लिहिलंय.

जमीन बिघडते कशी

आपल्याकडं वाळवा, पलूस, मिरज ह्या कृष्णा-वारणेच्या पट्ट्यात खोल काळी माती, चिकणमाती जास्त, पाणी खाली झिरपतच नाही लवकर. त्यात उसाला पाटानं भरमसाट पाणी, कॅनॉलची गळती, आणि नैसर्गिक ओढे-नाले बुजवून रान केलेलं. मग भूजल वर येतं, दीड-दोन मीटरच्या आत आलं की केशाकर्षणानं पाणी पृष्ठभागावर चढतं, उन्हानं पाणी उडून जातं आणि क्षार तिथंच राहतात. आपण म्हणतो ना रानाला मीठ फुटलंय, ते हेच.

सरांनी फळ्यावर एक हिशोब केला तो नीट बघ. पाण्याची ई.सी. म्हणजे विद्युत वाहकता 1 असली तर एका लिटरात साधारण 640 मिलिग्रॅम क्षार असतात. एका हेक्टरवर एकूण 100 सें.मी. पाणी दिलं म्हणजे 10,000 घनमीटर, म्हणजे 6.4 टन क्षार रानात आले! निचरा नसेल तर ते जातील कुठं? पीक त्यातलं फार थोडं उचलतं. हे विहिरीच्या पाण्याचं उदाहरण म्हणून घेतलं होतं, नदीचं पाणी सहसा ह्यापेक्षा गोडं.

तीन प्रकार (हे शंभर टक्के येणार)

- खारवट: ई.सी. 4 च्या वर, ईएसपी 15 च्या आत, पीएच 8.5 च्या आत. वर पांढरा थर.
- खारवट-चोपण: ई.सी. 4 च्या वर, ईएसपी पण 15 च्या वर, पीएच बहुतेक 8.5 च्या आतच.
- चोपण: ई.सी. 4 च्या आत, ईएसपी 15 च्या वर, पीएच 8.5 च्या वर. ओली असली की चिकट, वाळली की दगड, पाणी वरच तुंबतं.

ई.सी. डेसीसायमन प्रति मीटरमध्ये. ईएसपी म्हणजे मातीच्या कणांना चिकटलेल्या सगळ्या धन आयनांमध्ये सोडियमचा टक्का. आणि 4 हा आकडा संपृक्त अर्काचा आहे. आपण प्रॅक्टिकलला 1:2.5 द्रावण करतो त्यात पाणी जास्त असतं म्हणून आकडा कमी येतो, तो थेट 4 शी लावायचा नाही. सर ह्यावर दोनदा बोललेत.

उपाय

सगळ्यात आधी निचरा, मग बाकीचं. सर म्हणाले जिप्सम टाकून बसतात आणि चर काढत नाहीत, तो पैसा मातीतच गेला. कारण ही अभिक्रिया बघ:

```
2Na-clay + CaSO4 → Ca-clay + Na2SO4
```

कॅल्शियमनं सोडियमला कणावरून हुसकलं, पण तयार झालेलं सोडियम सल्फेट पाण्यातून रानाबाहेर गेलं पाहिजे, नाहीतर ते तिथंच फिरत राहणार.

खारवट जमिनीला जिप्सम लागत नाही, निचरा करून चांगल्या पाण्यानं क्षार धुतले की झालं. खारवट-चोपणला मात्र नुसतं धुवायचं नाही, क्षार जातात सोडियम राहतो आणि जमीन पूर्ण चोपण होते. माझं: परीक्षेत "का ते सांगा" म्हणून हाच प्रश्न येईल असं वाटतंय.

चुनखडी असलेल्या जमिनीत गंधक पण चालतं, जिवाणू त्याचं आम्ल करतात आणि चुनखडीपासून जमिनीतच जिप्सम तयार होतं, पण वेळ लागतो. जिप्सम वरच्या थरात शेणखताबरोबर मिसळायचं, मात्रा माती परीक्षणावरून, अंदाजानं नाही. धैंच्याचं हिरवळीचं खत, ठिबक, एवढं नुसतं सांगितलं.

भूमिगत निचऱ्यात भोकं पाडलेले, फिल्टर गुंडाळलेले पीव्हीसी पाइप साधारण एक ते दीड मीटर खोल, ते मुख्य पाइपला आणि तिथून ओढ्याला. एकट्यानं करून भागत नाही, पाणी शेजाऱ्याच्या रानातून काढावं लागतं, सगळ्यांनी मिळून करायचं. ह्यापुढच्या काही ओळी रेकॉर्डिंगमध्ये नीट ऐकू येत नाहीत, दोन पाइपांतल्या अंतराबद्दल काहीतरी आहे, ते सरांनाच विचार.

पिकं: बार्ली, कापूस, शुगरबीट क्षार सहन करतात, गहू मध्यम. ऊस मात्र ई.सी. 1.7 च्या पुढं मार खायला लागतो, घेवडा तर त्याच्याही आधी.

शुक्रवारी

प्रॅक्टिकलला प्रत्येकानं आपापल्या रानातली माती आणायची, वरच्या 20 सें.मी. ची, सावलीत वाळवून. बांधाजवळची, झाडाखालची, खताच्या ढिगाशेजारची नको. पिशवीवर गट नंबर आणि मागचं पीक लिही. तुझ्या ओढ्याकडंच्या तुकड्यात मागं पांढरं फुटलेलं ना, तिथली एक आणि वरच्या रानातली एक अशी दोन्ही आण, शेजारी शेजारी ई.सी. काढून बघू.