घरून काम : १ जुलैपासूनचे नियम

घरून कामाच्या जुन्या सर्व सवलती, तोंडी दिलेल्यासुद्धा, रद्द होत आहेत. परवानगी ओळखीवर ठरू लागली होती. ते आम्हाला मान्य नाही.

पात्रता : डिझाइन, हिशेब आणि खरेदी विभागांतील कायम कर्मचारी. आठवड्यातून जास्तीत जास्त दोन दिवस, सोमवार सोडून. फौंड्री, स्टोअर आणि तपासणी विभागांना ही सोय देता येत नाही. म्हणून शिफ्ट बदलताना त्यांच्या अर्जांना प्राधान्य मिळेल.

मंजुरी : आदल्या आठवड्यातल्या गुरुवारी संध्याकाळी ५ पर्यंत विभागप्रमुखांना ईमेल करा. शुक्रवारी दुपारी २ पर्यंत लेखी उत्तर येईल. नकार असल्यास कारणासह. उत्तर आले नाही, तर मंजुरी धरावी. नकार पटला नाही, तर मनुष्यबळ विभागाकडे दाद मागा.

अपवाद दोनच. स्वतःचे किंवा घरातले आजारपण : सकाळी ९ पूर्वी फोन पुरेसा, सलग पाच दिवसांपर्यंत. दुसरा पुराचा : राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेने ३९ फुटांची इशारा पातळी गाठली, की पात्र कर्मचाऱ्यांनी न विचारता घरूनच काम करावे. रस्ता बंद झाल्यामुळे इतर कुणाला येता आले नाही, तर त्या दिवसाचा पगार कापला जाणार नाही. पाण्यातून गाडी घालून कुणीही येऊ नये.