मिक्सर दुरुस्तीचे लेखी अंदाजपत्रक व वेळापत्रक मिळण्याबाबत

सातारा
६ जुलै २०२६

प्रति,
मा. व्यवस्थापक,
प्रो-ऑडिओ दुरुस्ती विभाग,
बुधवार पेठ, पुणे

विषय : २४ चॅनेलच्या ॲनालॉग मिक्सरमधील बंद चॅनेल, दुरुस्तीचा लेखी अंदाज व कामाच्या तारखा

स.न.वि.वि.

आमच्या सभागृहातील मिक्सरचे आठ चॅनेल सध्या वापरता येत नाहीत. मिक्सर २४ मोनो चॅनेल, ४ ग्रुप, ६ ऑक्स असा आहे, पॉवर सप्लाय वेगळ्या डब्यात आहे. मॉडेल व सिरीयल नंबरच्या पट्टीचा फोटो सोबत जोडला आहे. आतले बोर्ड चार-चार चॅनेलचे आहेत (१ ते ४, ५ ते ८ याप्रमाणे सहा) आणि प्रत्येक बोर्ड स्वतंत्र रिबन केबलने मास्टर बोर्डाला जोडलेला आहे. मजुरी ठरवताना ही रचना कृपया लक्षात घ्यावी. कारण पुढे लिहिले आहे.

आधी पॉवर सप्लाय तपासला. मिक्सर जोडलेला असताना +१६.९, −१६.८ आणि ४७.६ व्होल्ट मिळतात, एसी रेंजवर दोन्ही मुख्य लाइनींवर ४ मिलिव्होल्टपेक्षा जास्त रिपल नाही. म्हणून दोष चॅनेलमध्येच आहेत असे धरून पुढील तपासणी केली.

चॅनेल ५ आणि ६ : माइक व लाइन दोन्ही इनपुट बंद, पीएफएलवरही काही नाही. इन्सर्टच्या टिपवर (सेंड) सिग्नल येत नाही. पण तोच टोन रिंगवर (रिटर्न) दिला की इक्यू, फेडर, ग्रुप, सगळे व्यवस्थित चालते. म्हणजे इन्सर्टच्या आधीचा भाग, माइक प्रीॲम्प, गेला आहे. हे दोन्ही चॅनेल एका कार्यक्रमात वीज जनरेटरवर जाताना एकाच क्षणी बंद पडले आणि तेव्हा दोन्हीवर कीबोर्ड जोडलेला होता. त्यामुळे इनपुटकडचे ट्रान्झिस्टर, क्लॅम्प डायोड व कपलिंग कपॅसिटर पाहावेत. फक्त आयसी बदलून चॅनेल चालू झाला तरी काम तिथे थांबवू नये. अर्धवट मार खाल्लेला ट्रान्झिस्टर खरखर करत राहतो आणि काही महिन्यांत पुन्हा जातो.

चॅनेल ९ ते १२ : पीएफएल ठीक, ऑक्स १ ला सिग्नल जातो, पण ग्रुप व मुख्य आउटपुटला काही नाही. ९ व १० च्या मध्ये पॅनेल अंगठ्याने दाबले की चारही चॅनेल परत येतात, सोडले की जातात. चारही चॅनेलना एकदम लागणारी गोष्ट म्हणजे रिबन केबलचा कनेक्टर किंवा त्याच्या पिनांचे ड्राय सोल्डर. नुसता स्प्रे मारून कनेक्टर परत दाबून बसवणे ही दुरुस्ती आम्ही धरणार नाही. पिना पुन्हा सोल्डर कराव्यात, केबलची पकड सैल असेल तर केबल कनेक्टरसह नवीन घालावी.

चॅनेल १७ : कधी चालतो, कधी नाही. इन्सर्टमध्ये टिप-रिंग जोडलेला प्लग घातला की हमखास चालतो. जॅकच्या आतला स्विचचा संपर्क काळवंडला आहे, साताऱ्याच्या पावसाळ्यात हे व्हायचेच. जॅक बदलावा. त्याच वयाचे उरलेले २३ इन्सर्ट जॅक बदलण्याचा खर्च वेगळ्या ओळीत द्यावा. ते काम आत्ताच करायचे की नाही, ते आकडा पाहून ठरवू.

चॅनेल २० : डायनॅमिक माइक चालतो, कंडेन्सर चालत नाही. फँटम चालू करून माइक न लावता पिन १ व २ मध्ये ४७.५ व्होल्ट आहेत, पिन १ व ३ मध्ये शून्य. पिन ३ कडचा ६.८ किलोओहमचा रेझिस्टर उघडला असावा किंवा तिथला ट्रॅक तुटला असावा. बदलताना दोन्ही बाजूंचे रेझिस्टर एकमेकांशी जुळवून घालावेत, नाहीतर इनपुटचा समतोल बिघडून हम वाढतो.

याशिवाय ७ व ८ चे फेडर मधल्या भागात खरखरतात. लांबी १०० मिमी आहे. बदलायचे झाल्यास व्हॅल्यू, टेपर व पायांची मांडणी मूळ फेडरशी जुळवूनच घ्यावेत. वंगण धुऊन टाकणारा क्लीनर फेडरमध्ये मारू नये.

आता अंदाजपत्रकाविषयी. ५, ६, ७, ८ एकाच बोर्डावर आहेत, ९ ते १२ दुसऱ्यावर, १७ व २० तिसऱ्यावर. नॉब, नट काढून बोर्ड बाहेर घेणे हेच वेळखाऊ काम आहे आणि ते तीनदाच करायचे आहे. म्हणून मजुरी दर चॅनेलमागे न लावता दर बोर्डमागे लावावी, त्यात बोर्ड काढण्या-बसवण्याची रक्कम स्वतंत्र दिसावी. सुट्या भागांची यादी नग व दरासह हवी. ऑप-ॲम्प आयसी अधिकृत वितरकाकडचेच असावेत आणि खरेदीचे बिल पाहायला मिळावे. बाजारात नावाचे लेबल छापलेले नकली आयसी भरपूर आहेत, हे तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त माहीत. तपासणी शुल्क किती, दुरुस्ती करून घेतल्यास ते बिलात वळते होते का आणि १८ टक्के जीएसटी धरून एकूण किती, हे स्पष्ट लिहावे. काम सुरू झाल्यावर नवा दोष सापडला आणि खर्च मूळ आकड्याच्या १० टक्क्यांहून जास्त वाढणार असेल, तर लेखी संमतीशिवाय पुढे जाऊ नये.

'साधारण दोन आठवडे' असे उत्तर समितीपुढे ठेवता येत नाही. तपासणी कोणत्या तारखेला संपेल, भाग किती दिवसांत येतील, त्यातला एखादा मिळत नसेल तर पर्याय काय, बोर्ड परत बसून चाचणी कधी सुरू होईल, या तारखा हव्यात. दुरुस्तीनंतर मिक्सर किमान ४८ तास सलग चालू ठेवावा. दाबल्यावर नाहीसे होणारे दोष गरम झाल्यावर पुन्हा डोके वर काढतात.

मिक्सर ताब्यात घेताना आम्ही हीच चाचणी करू : ४०० हर्ट्झचा टोन लाइन इनपुटला, इक्यू बंद, फेडर शून्यावर, मुख्य आउटपुटला ०.७७५ व्होल्ट येतील असा गेन. चोवीसही चॅनेलना मुख्य आउटपुट व चारही ग्रुपवर हे व्होल्ट यावेत. फेडर न हलवता ग्रुप बदलला तर फरक अर्ध्या डेसिबलपेक्षा जास्त नसावा. (टोन ४०० हर्ट्झचा घेतो, कारण साधा मल्टिमीटर १ किलोहर्ट्झला एसी कमी दाखवू शकतो.) प्रत्येक एक्सएलआरच्या पिन २ व ३ वर फँटम मोजू. ९ ते १२ चे पॅनेल दाबून, ठोकून पाहू. काढलेले सर्व भाग परत हवेत. दुरुस्त केलेल्या चॅनेलवर ९० दिवसांची हमी अपेक्षित आहे. तुमची मुदत वेगळी असल्यास लिहावी.

मिक्सर फ्लाइट केस, पॉवर सप्लाय व त्याच्या मूळ केबलसह आम्हीच आमच्या टेम्पोने पुण्याला आणू व परत नेऊ. बंद चॅनेलवर लाल, खरखरणाऱ्या फेडरवर पिवळी टेप लावलेली असेल. तुमच्या ताब्यात असताना नुकसान झाल्यास जबाबदारी कोणाची, हे पोचपावतीवर नमूद करावे.

आमच्या समितीची बैठक शनिवार, १८ जुलैला आहे. लेटरहेडवर, सही-शिक्क्यासह अंदाजपत्रक गुरुवार, १६ जुलैपर्यंत मिळाल्यास त्याच बैठकीत मंजुरी घेऊन २० जुलैला मिक्सर पोहोचवू. या वर्षी गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला आहे, त्यामुळे ३१ ऑगस्टपर्यंत मिक्सर चाचणी होऊन आमच्याकडे असायला हवा. सगळे काम तेवढ्यात बसत नसेल तर ९ ते १२, ५-६ आणि १७ आधी घ्यावेत, २० व फेडर उत्सवानंतर केले तरी चालतील. मात्र १७ आणि २० एकाच बोर्डावर, तसेच ५-६ आणि ७-८ चे फेडर एकाच बोर्डावर असल्याने दोनदा उघडण्याची मजुरी किती वाढते, तेही कळवावे.

मिक्सर प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय पक्का आकडा देता येत नसल्यास किमान-कमाल मर्यादा द्यावी, पण लेखी.

आपला,
अ. म. जाधव
ध्वनिव्यवस्था प्रमुख, सभागृह देखभाल समिती

सोबत : मॉडेल पट्टीचा फोटो, बंद चॅनेलवर टेप लावलेल्या पॅनेलचे फोटो, व्होल्टेजच्या नोंदींचा कागद