श्रवणात १७

बाई, तुम्ही आधी बसा. नाहीतर अर्ध्यात चहा टाकायला उठाल.

जपानीची एन-३ परीक्षा तिसऱ्या खेपेला सुटली, १८० पैकी १०७. मागच्या वेळी एकूण गुणांत पास व्हायला लागणाऱ्या ९५ च्या वर होतो, पण श्रवणात किमान १९ लागतात, मला १७! आठ दिवस तुमच्या आळीत फिरकलो नाही. तुम्हीच डब्यात घावन घेऊन घरी आलात, एक शब्द न बोलता.

मग आषाढात पडवीत बसवून संवाद वाचायचात, पत्र्यावर पाऊस कोसळत असताना. ‘यात ऐकू आलं, तर पुण्याच्या केंद्रावर काय अडतंय?’

नाही अडलं, बाई. श्रवणात ४१ आले.

फी विचारली की सुपाऱ्या सोलायला लावायचात. उरलेल्या सुपाऱ्या रविवारी येऊन सोलतो. आता हा पेढा घ्या.